रांजणगावच्या गाडीचा विमा आणि ‘बॅटरी’ हा जुना शब्द

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटा यांचा संयुक्त कारखाना आहे. टाटा नेक्सॉनची पेट्रोल गाडी तिथे तयार होत होतीच. जानेवारी २०२० मध्ये तिची विजेवर चालणारी बहीण बाजारात आली, तीही याच कारखान्यातून. नवी गाडी घेतली की आमच्याकडची माणसं ती आधी रांजणगावच्या महागणपतीपुढे उभी करतात. त्या आवारात या दोन बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तर पाटीच्या हिरव्या रंगाशिवाय लांबून फारसा फरक कळत नाही. दोघींच्या विम्याची कागदपत्रं मात्र शेजारी ठेवली, तर माणूस चक्रावतो.

कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा आधी पाहू. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सवलत आहे. पेट्रोल नेक्सॉनचं इंजिन ११९९ सीसीचं आहे. १००० ते १५०० सीसीच्या गटात तिचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये येतो. इलेक्ट्रिक नेक्सॉनचा मात्र ६,७१२ रुपये येतो. सवलत दिलेल्या गाडीला जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. यात एजंटाने कुठे चूक केलेली नसते. दोन्ही आकडे केंद्र सरकारच्या राजपत्रातले आहेत आणि कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तेच राहतात.

याचं कारण मोजमापात आहे. पेट्रोल गाडीचा गट इंजिनाच्या सीसीवर ठरतो. इलेक्ट्रिक गाडीला सीसी नसतात, म्हणून तिचा गट मोटरच्या किलोवॉटवर ठरवला गेला. ३० किलोवॉटपर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५ पर्यंत २,९०४ आणि ६५ च्या वर ६,७१२. हे आकडे पेट्रोलच्या तीन गटांमधून (२,०९४, ३,४१६ आणि ७,८९७) सरळ १५ टक्के वजा करून आलेले आहेत. सवलत खरीच आहे. मात्र विजेच्या मोटरला ताकदीची कमतरता नसते. २०२० च्या नेक्सॉनची मोटर ९५ किलोवॉटची होती, म्हणून ती थेट सर्वांत वरच्या गटात गेली आणि १५०० सीसीवरच्या मोठ्या गाड्यांच्या रांगेत बसली. टियागोचं उलटं आहे. पेट्रोल टियागोही ११९९ सीसीची, म्हणजे ३,४१६ रुपयांची. इलेक्ट्रिक टियागोची मोटर दोन्ही प्रकारांत ६५ किलोवॉटच्या खाली आहे, म्हणून तिला २,९०४ रुपये पुरतात. एमजीची छोटीशी कॉमेट तर ३० किलोवॉटची रेघ जेमतेम एका किलोवॉटने ओलांडते आणि तेवढ्यासाठी मधल्या गटात जाते. ‘इलेक्ट्रिकचा विमा स्वस्त’ आणि ‘इलेक्ट्रिकचा विमा महाग’ ही दोन्ही विधानं शिरूरच्या बसस्थानकावर ऐकू येतात आणि दोन्ही खरी असू शकतात. बोलणाऱ्याची मोटर किती किलोवॉटची आहे, ते आधी विचारायला हवं.

थर्ड पार्टी विम्यातून आपल्या गाडीला एक रुपयाही मिळत नाही. तो समोरच्याच्या जिवासाठी आणि मालासाठी असतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा, त्याला ओन डॅमेज म्हणतात. या भागाचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोडलेले आहेत. तरी त्यामागचा सांगाडा अजून २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफचाच आहे आणि बऱ्याच कंपन्या त्या जुन्या दरातून सूट वजा करूनच हिशेब मांडतात.

त्या सांगाड्यात शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांसाठी एक गमतीची गोष्ट दडली आहे. टॅरिफने देशाचे दोन झोन केले. पुण्यासह आठ मोठी शहरं ‘ए’ झोनमध्ये, बाकी सगळा देश ‘बी’ मध्ये. झोन ठरतो तो गाडीची नोंदणी कुठे झाली त्यावर, ती रोज कुठल्या रस्त्यावर धावते त्यावर नाही. शिरूरची गाडी पुणे आरटीओत नोंदली जाते आणि एमएच-१२ होते. दौंडची गाडी बारामतीला जाते आणि एमएच-४२ होते. भीमेच्या अलीकडची गाडी कागदावर पुण्याची ठरते आणि पलीकडची ग्रामीण भागाची, दोन्ही गाड्या त्याच चौफुल्याच्या रस्त्यावर त्याच उसाच्या ट्रॉल्यांमागे रेंगाळत असल्या तरी. पाच वर्षांच्या आतल्या १००० ते १५०० सीसी गाडीचा जुना दर ए झोनमध्ये ३.२८३ टक्के आहे, बी मध्ये ३.१९१ टक्के. फरक लहान आहे. पंधरा लाखांच्या गाडीवर सूट वजा करण्याआधी तो १,३८० रुपये भरतो. पण तो आहे, आणि तो कशामुळे पडला हे कोणी सांगत नाही.

हे टक्के ज्या रकमेवर लागतात तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली, तर कंपनी जास्तीत जास्त द्यायचं कबूल करते ती ही रक्कम. गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती निघते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या ३०, चौथ्या ४० आणि पाचव्या वर्षी ५०. इलेक्ट्रिक गाडी मुळातच महाग, त्यामुळे आयडीव्ही मोठी आणि हप्ताही मोठा.

एक हिशेब मांडतो. समजा, पेट्रोल गाडीची आयडीव्ही ९ लाख आहे आणि तिच्याच इलेक्ट्रिक जोडीची १४ लाख. दोन्ही शिरूरच्या, म्हणजे ए झोनच्या. पेट्रोलला ३.२८३ टक्के दराने २९,५४७ रुपये होतात. इलेक्ट्रिकला कंपनीने वरच्या गटाचा ३.४४७ टक्के दर लावला, तर ४८,२५८ रुपये होतात. दोन्हींवर ६० टक्के सूट धरली, तर ११,८१९ आणि १९,३०३ उरतात. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि ६,७१२ मिळवले आणि १८ टक्के जीएसटी लावला, की पेट्रोल गाडी सुमारे १८,००० रुपयांना पडते आणि इलेक्ट्रिक ३०,७०० रुपयांना. सूट कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून हे आकडे कोणाच्या पावतीशी तंतोतंत जुळणार नाहीत. पण फरक कुठून येतो ते यात दिसतं. मोठा वाटा गाडीच्या किमतीचा आहे, त्याखालोखाल किलोवॉटच्या गटाचा. बॅटरीच्या भीतीपोटी लावलेला वेगळा दंड यात कुठेच नाही.

जुनी पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक घेणाऱ्यांनी इथे एक गोष्ट सोडू नये. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. सलग पाच वर्षं दावा केला नसेल, तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं, तर तो बोनस नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यातून वजा होतो. हे पत्र तीन वर्षं चालतं. वरच्या उदाहरणात त्याने १९,३०३ चे ९,६५१ होतील. एवढी बचत दुसऱ्या कुठल्याही घासाघिशीत होत नाही, तरी हे पत्र मागणारी माणसं मला फार कमी भेटली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मोटार विम्याच्या प्रमाणित मसुद्यात एक वाक्य आहे. दुरुस्तीच्या वेळी रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर, ट्यूब, एअरबॅग आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जाईल. गाडी कालची असो की चार वर्षांची, कात्री सरसकट अर्ध्याचीच. हे लिहिलं गेलं तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बॉनेटखालचा बारा व्होल्टचा डबा होता. दोन-चार वर्षांत तो झिजतोच, तेव्हा अर्धी किंमत कापणं वाजवी होतं. आज तोच शब्द गाडीच्या तळभर पसरलेल्या, शेकडो व्होल्टच्या, गाडीतल्या सर्वांत महाग वस्तूला लागू होतो. शब्द बदलला नाही, वस्तू बदलली.

याचा अर्थ एका प्रसंगातून नीट कळतो, म्हणून प्रसंग कल्पून सांगतो. पंधरा लाखांची इलेक्ट्रिक गाडी, वय दीड वर्ष, आयडीव्ही १२ लाख. मालक न्हावऱ्याहून चौफुल्याकडे रात्री निघाले आहेत. घोडगंगा कारखान्याच्या बाजूने येणारा रस्ता, पुढे पारगावला भीमेचा पूल. समोरच्या ट्रॉलीचा दिवा नाही. ती चुकवताना गाडी साइडपट्टीवर उतरते आणि मुरमातून वर आलेला दगड तळाला घासतो. आवाज मोठा होतो, पण गाडी चालत राहते. दोन किलोमीटरवर समोरच्या पडद्यावर इशारा येतो, वेग आपोआप मर्यादित होतो.

पेट्रोल गाडीला असा दगड लागला, तर तेलाचं चेंबर फुटतं. वर्कशॉपमध्ये नवीन चेंबर बसतं आणि गाडी दुसऱ्या दिवशी घरी येते. इलेक्ट्रिक गाडीत त्या जागी बॅटरीचा ट्रे असतो. ट्रेला पोचा पडला असेल, तर आतल्या सेलवर दाब आला का, थंड ठेवणाऱ्या द्रवाची वाट चेपली का, आणि पॅकचं विद्युतरोधन शाबूत आहे का, हे तपासावं लागतं. रोधन कमी झालं असेल, तर पॅकमधली वीज गाडीच्या पत्र्यात उतरू शकते. म्हणून गाडी स्वतःच इशारा देते आणि प्रसंगी चालू व्हायला नकार देते. पॅक उघडून एखादाच भाग बदलणं सगळीकडे शक्य नसतं, त्यामुळे अनेकदा अख्खा पॅक बदलण्याचंच अंदाजपत्रक हातात येतं.

समजा, पॅक साडेपाच लाखांचा, खालचं लोखंडी कवच २० हजारांचं आणि मजुरी १५ हजार. बिल ५ लाख ८५ हजार. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पॅकमधून ५० टक्के, म्हणजे २ लाख ७५ हजार कापले जातील. कवच लोखंडी आहे, त्यावर दुसऱ्या वर्षी १० टक्के घसारा, म्हणजे २,००० रुपये. सक्तीची वजावट २,००० धरू. मालकाच्या खिशातून २ लाख ७९ हजार जातात आणि कंपनी ३ लाख ६ हजार देते. आता हीच पॉलिसी शून्य घसाऱ्याच्या पुरवणीसह, म्हणजे लोक ज्याला ‘झिरो डेप’ म्हणतात ती असेल आणि त्या पुरवणीत मुख्य बॅटरी धरलेली असेल, तर मालकाचे फक्त २,००० जातात. तीन-चार हजार रुपये वाचवायला झिरो डेप नाकारणं पेट्रोल गाडीत कदाचित चालून जातं. इलेक्ट्रिक गाडीत त्या नकाराची किंमत पावणेतीन लाख होऊ शकते.

तोच दगड पाचव्या वर्षी लागला तर चित्र पार बदलतं. आयडीव्ही साडेसात लाखांवर आलेली असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. साडेसात लाखांचे ७५ टक्के म्हणजे ५ लाख ६२ हजार ५००. झिरो डेप असेल, तर ५ लाख ८५ हजारांचं बिल ही रेघ ओलांडतं. मग एका दगडाने, पत्र्यावर ओरखडाही नसलेली गाडी भंगारात जाते आणि मालकाला आयडीव्ही मिळते. आयडीव्ही कमी दाखवून हप्ता कमी करून देतो, असं कोणी म्हटलं तर हे उदाहरण आठवावं. कमी आयडीव्हीमुळे मिळणारी रक्कम घटते आणि भंगाराची रेघही खाली सरकते. पाच वर्षांनंतर झिरो डेप अनेक कंपन्या देत नाहीत. तेव्हा घेतानाच किती वर्षांपर्यंत नूतनीकरण होईल ते विचारावं.

अशा धक्क्यानंतर मालकाने काय करायचं, हेही विम्याचाच भाग आहे. गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहायची नाही. घरी नेऊन चार्जिंगला लावायची नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवायचं, जागेचे, दगडाचे आणि पडद्यावरच्या इशाऱ्याचे फोटो काढायचे. गाडी चारही चाकं वर घेणाऱ्या सपाट गाडीवरूनच न्यायची. दोरीने ओढली, तर चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज निर्माण करते. त्यातून झालेलं नुकसान अपघाताचं नाही, हलगर्जीपणाचं, असं सर्व्हेअर लिहू शकतो. तळ दुखावलेली गाडी गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभी करू नये. लिथियम सेल आतून चेपला असेल, तर तो काही तासांनीही तापत जाऊन पेट घेऊ शकतो, आणि एकदा विझलेली बॅटरी पुन्हा पेटल्याचे प्रसंग जगभर घडले आहेत. पुण्यात धानोरीला मार्च २०२२ मध्ये रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, ते दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर देशातल्या बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. गाड्यांसाठी सुधारित एआयएस-०३८ मानक डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. आग हा साध्या पॉलिसीतला मान्य धोका आहे. त्यासाठी वेगळी पुरवणी लागत नाही, घसाऱ्याचा प्रश्न तेवढा उरतो.

मग ‘बॅटरी कव्हर’ म्हणून जे विकलं जातं, ते कशासाठी? ते पाण्यासाठी आणि शॉर्टसर्किटसाठी. प्रमाणित पॉलिसी दोन गोष्टी नाकारते. एक, यांत्रिक आणि विद्युत बिघाड. दुसरी, परिणामी नुकसान, म्हणजे अपघातातून थेट न झालेलं, त्याच्या मागोमाग आलेलं नुकसान. पेट्रोल गाडीवाल्यांना हा धडा पावसाळ्यात मिळतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहिली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते की पूर आम्हाला मान्य आहे, पण रॉड तुमच्या स्टार्टरने वाकवला. त्यावर इंजिन प्रोटेक्ट नावाची पुरवणी निघाली. इलेक्ट्रिक गाडीचं बॅटरी कव्हर ही तिचीच धाकटी बहीण.

मे २०२५ च्या अखेरीस दौंड, बारामती, इंदापूर पट्ट्यात पाऊस असा कोसळला की ओढे रस्त्यावर आले. अशा पाण्यात इलेक्ट्रिक गाडी काय करते? बहुतेक पॅक आयपी-६७ दर्जाचे असतात. याचा अर्थ एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवले, तरी आत पाणी शिरू नये. चाचणी नव्या पॅकची, स्थिर पाण्यात होते. ओढ्याचं पाणी वाहतं, गाळ घेऊन येतं, आणि चार वर्षांत दगडगोट्यांनी ट्रेची किनार थोडी उघडलेली असू शकते. इलेक्ट्रिक गाडीला हवा ओढणारी नळी नसते, म्हणून ती पाण्यात पेट्रोलइतकी चटकन बंद पडत नाही. हाच मोह असतो. आज पाणी पार करून आलेल्या गाडीच्या जोडणीत शिरलेला ओलावा पंधरा दिवसांनी गंज धरतो आणि मग रोधनाचा इशारा येतो. तेव्हा तो ‘विद्युत बिघाड’ दिसतो आणि साध्या पॉलिसीत नाकारला जातो. पुरवणी असेल तर दावा उभा राहतो, पण पाणी केव्हा लागलं हे सांगता आलं पाहिजे. म्हणून गाडी चालू असली, तरी पाण्याच्या दिवशीचा फोटो आणि कंपनीला केलेली नोंद मोलाची ठरते.

ही पुरवणी विकत घेताना तीन शब्द शोधावेत. बॅटरीबरोबर चालक मोटर धरली आहे का. चार्जर आणि केबल धरली आहे का. आणि चार्जिंग चालू असताना विजेचा दाब उसळून झालेलं नुकसान धरलं आहे का. कंपनीगणिक नाव वेगळं, मजकूरही वेगळा. नावावरून काही कळत नाही.

बॅटरी वयाने दमते, पूर्वी अडीचशे किलोमीटर जाणारी गाडी दोनशेवर येते, याचा कुठलाही विमा नाही. तो वॉरंटीचा विषय आहे. नेक्सॉनच्या बॅटरी आणि मोटरला सुरुवातीपासून आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती. वॉरंटी कारखान्याचा दोष भरते, विमा बाहेरचा घाव भरतो. दोन्हींच्या मधे पडण्याची एक जागा आहे. तळाला जुना पोचा असलेला पॅक बिघडला, तर कारखाना पोच्याकडे बोट दाखवतो, आणि त्या पोच्याचा दावा वेळेवर केलेला नसल्याने विमा कंपनीही मागे सरते. सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी लिफ्टवर चढली की स्वतः खाली जाऊन ट्रेचा फोटो काढावा. मला ही सवय सर्वांत उपयोगाची वाटते.

गाडी आणि बॅटरीनंतर घरचा चार्जर हा तिसरा भाग. गावाकडे घराला जागा असते, अंगण असतं, म्हणून चार्जर बसवणं पुण्यातल्या सोसायटीपेक्षा सोपं. घरच्याच वीजजोडणीवर आपली गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. पंधरा-सोळा अँपिअरच्या प्लगवरून ३.३ किलोवॉट मिळतात आणि ३० युनिटची बॅटरी नऊ-दहा तासांत भरते. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर निम्म्याहून कमी वेळ घेतो, पण एकट्याने ३१ अँपिअर ओढतो. गावातल्या कित्येक घरांचा मंजूर भार दोन-तीन किलोवॉटच असतो. महावितरणकडे तो वाढवून घ्यावा, चार्जरची वायर मीटरपासून स्वतंत्र ओढावी, तिला स्वतःचा एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी असावा, आणि अर्थिंग खरं असावं. अर्थिंग नसेल, तर चांगला चार्जर सुरूच होत नाही. तेव्हा वायरमन एखादा तुकडा न्यूट्रलला जोडून चार्जरला फसवतो. हे मी पाहिलं आहे. गाडी त्या रात्री चार्ज होते आणि घर मात्र धोक्यात येतं.

शेतावर राहणाऱ्यांसाठी एक स्पष्ट गोष्ट. कृषीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करणं हा विजेचा अनधिकृत वापर आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्याची आकारणी होते. त्या जोडणीवर चार्जर जळाला, तर दाव्याच्या वेळी बिलाची प्रत मागितली जाते आणि तिथेच सगळं उघड होतं.

भिंतीवरचा चार्जर गाडीचा भाग की घराचा? गाडीच्या साध्या पॉलिसीत तो येत नाही. बॅटरी पुरवणीत नाव असेल, तरच येतो. दुसरी वाट घराच्या विम्याची. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात घराबरोबर भिंतीला कायमची जोडलेली साधनं आणि गॅरेज धरलेलं असतं. आग, वीज कोसळणं, पूर यांत ते जळालं-बुडालं तर भरपाई आहे. पण त्याच पॉलिसीत एक अपवाद आहे. जास्त दाब, शॉर्टसर्किट किंवा स्वतःच तापून जे विद्युत उपकरण जळालं, त्या उपकरणाची भरपाई नाही. त्यातून आग पसरून घर जळालं, तर घराची आहे. म्हणजे रात्री पंप बंद होऊन दाब उसळला आणि चार्जर करपला, तर गृह रक्षा त्याचे पैसे देणार नाही. चार्जर करपून छपराला आग लागली, तर छपराचे देईल. चार्जरच्या स्वतःच्या तीस-चाळीस हजारांसाठी गाडीची पुरवणीच लागते. दोन्ही पॉलिसी एकमेकींची उणीव भरून काढतात, म्हणून मी दोन्ही घेण्याच्या बाजूचा आहे.

सर्वांत जास्त फसगत मात्र एका तारखेने होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ६५ किलोवॉटवरच्या इलेक्ट्रिकला त्याचे २०,९०७ रुपये. पॉलिसीवर तीन वर्षांची तारीख ठळक दिसते आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. ओन डॅमेजचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि झिरो डेप, बॅटरी, चार्जर या साऱ्या पुरवण्या त्याच्याच पोटात असतात. वर्ष संपलं की त्या गुपचूप संपतात. पोलिसाने अडवलं, तर कागद वैध असतो. दगड लागला, तर हातात काहीच नसतं. नव्वद दिवस उलटले, तर नो क्लेम बोनसही जातो.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे ऐकले जातात. अर्जासोबत न्यायचे कागद थोडेच. पॉलिसीचा पूर्ण मसुदा, पुरवण्यांची पानं, नाकारल्याचं पत्र, पडद्यावरच्या इशाऱ्याचा फोटो आणि लिफ्टखाली उभं राहून काढलेला ट्रेचा तो जुना फोटो, ज्यात त्या वेळी पोचा नव्हता.